गाठ अर्धा सेंटिमीटर वर

कागद नीट ताणलेला आहे, काड्या हलक्या आहेत, वाराही बरा आहे. तरी पतंग दोन पुरुष उंच जातो आणि गरगरत खाली येतो. सहावी-सातवीच्या मुलांचा संशय अशा वेळी कागदावर जातो. दोष मात्र बहुतेक वेळा पोटाच्या दोऱ्यात, म्हणजे पतंगाला दोन ठिकाणी बांधून पुढे एका गाठीत आणलेल्या दोऱ्यात असतो. पतंगाच्या तासाला मुलांना एकच गोष्ट शिकवायची झाली, तर मी ही गाठ निवडेन.

आधी पतंग बनवू. 40 सेंटिमीटर बाजूचा पतंगी कागदाचा चौरस घ्या. त्याच्या कर्णावर सुमारे 56 सेंटिमीटरची उभी काडी चिकटवा आणि दुसरी बारीक, लवचीक काडी धनुष्यासारखी वाकवून दोन्ही कोपऱ्यांत बसवा. ही कमान बोटांनी दाबून पाहा. एक बाजू जास्त लवली तर उडताना पतंग त्याच बाजूला वळेल, म्हणून कडक बाजू थोडी तासायची. मग उभ्या काडीची दोन टोके दोन बोटांवर टेकवा. एक पंख खाली झुकला तर हलक्या पंखावर कागदाची छोटी पट्टी चिकटवा. समतोल म्हणजे काय, हे इथे मुलांच्या बोटांनाच कळते.

पोटाच्या दोऱ्याचे वरचे टोक दोन्ही काड्या एकमेकींना छेदतात तिथे बांधा. खालचे टोक उभ्या काडीच्या तळापासून साधारण चौथ्या हिश्शावर येऊ द्या. गाठ सरकवता येईल अशी ठेवा. सुरुवातीला खालचा दोरा वरच्यापेक्षा दीड सेंटिमीटर लांब असावा.

आता ही गाठ काय करते ते पाहू. धावत्या एसटीच्या खिडकीशी पंजा किंचित तिरका धरला की वारा तो वर उचलतो, आणि पंजा सरळ उभा धरला की नुसता मागे ढकलतो. पतंगाचेही तेच. तिरका कागद वाऱ्याला खाली वळवतो आणि त्या बदल्यात स्वतः वर ढकलला जातो. तिरकेपणा किती, हे गाठ ठरवते. ती वर सरकवली की पतंगाचे नाक मुलाकडे झुकते, वाऱ्याचा अडथळा कमी होतो आणि पतंग उंच चढतो. फारच वर गेली तर कागद फडफडतो, पतंग डोक्यावर येतो आणि दोरा सैल पडतो. गाठ फार खाली असेल तर पतंग वाऱ्यासमोर उभा राहतो. तो हात ओढतो, पण चढत नाही. म्हणून एका वेळी अर्धा सेंटिमीटरच सरकवा, बाकी कशाला हात लावू नका आणि काय झाले ते वहीत लिहा.

नेहमी एकाच बाजूला फिरणारा पतंग असमतोल असतो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरणाऱ्याला स्थिरता कमी पडते. काटाकाटीचा पतंग मुद्दाम असा ठेवतात. ढील दिली की तो फिरतो आणि ओढला की पंख मागे वाकून सरळ धावतो. नवशिक्या मुलांसाठी मात्र कागदाची दीड-दोन मीटरची शेपटी लावावी.

वाऱ्याचा हिशेबही याच पतंगावर करता येतो. त्याचे वजन साधारण 8 ग्रॅम. ताशी 4 किलोमीटरच्या झुळकीत त्याच्यावर जेमतेम 10-12 ग्रॅम वजनाएवढा दाब येतो आणि त्याचा काही भागच वर उचलायला उपयोगी पडतो. म्हणूनच मुले पळत सुटतात. वारा ताशी 8 झाला की दाब चौपट, पन्नास ग्रॅमच्या आसपास. ताशी 16 ला दोनशेच्या जवळ. वेग दुप्पट, जोर चौपट. दोऱ्याला प्रयोगशाळेतला ताणकाटा अडकवला की वाऱ्याबरोबर हा फरक दिसू लागतो. 1900 साली किटी हॉकला राइट बंधूंनी आपले ग्लायडर पतंगासारखे दोरीने उडवले आणि त्याची ओढ अशाच स्प्रिंगच्या काट्याने मोजली.

जागा निवडताना शाळेची इमारत वाऱ्याच्या दिशेला असेल तर मैदान बदला. इमारतीमागे तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा घुसळलेला असतो आणि तिथे कोणतीही गाठ पतंग सावरू शकत नाही. जानेवारीत सकाळी हवा पडलेली असते. जमीन तापल्यावर वारा सुटतो, म्हणून तास दुपारकडे ठेवलेला बरा.

गुरुजी, बाई, विजेच्या तारांपासून आणि रस्त्यापासून दूर राहा. मुलांच्या हाती साधा सुती दोरा द्या. काचेचा मांजा नको. नायलॉनच्या मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली आहे.