चार चित्रं, एकच पाऊस

हिरोशिगे या जपानी चित्रकाराने १८५७ मध्ये पुलावर अचानक कोसळलेली सर लाकडी ठशांच्या छपाईत उतरवली. त्यात पाऊस म्हणजे बारीक तिरक्या रेघा आणि रंग बहुतांशी सपाट. तीस वर्षांनी व्हॅन गॉगने तोच पूल आणि तीच सर जाड तैलरंगात रंगवली. मांडणी त्याने उसनी घेतली, माध्यम मात्र आपलं ठेवलं. मूड बोर्डवरून एआयसाठी प्रॉम्प्ट लिहिताना हीच विभागणी करावी लागते.

समजा, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ करायचं आहे: पावसात एसटीची वाट पाहणारी बाई. बोर्डवर चार चित्रं आहेत. हिरोशिगेची सर, ओल्या डांबरावर ट्यूबलाइट चमकणाऱ्या स्थानकाचा फोटो, राजा रविवर्मांनी रंगवलेली साडीतली स्त्री आणि वारली भित्तिचित्र. घाईत लिहिलं जातं, ‘हिरोशिगे, रविवर्मा आणि वारली शैलीत, फोटोसारखं’. मग चेहरा तैलचित्रातला, पदर सपाट, पाऊस कुठे रेघांचा तर कुठे थेंबांचा, आणि कोपऱ्यात कुणी न मागितलेला लाल जपानी शिक्का असं काहीतरी हाती येतं.

कारण चित्रकाराच्या नावासोबत त्याचं माध्यम, रेषा, रंग आणि विषय असं सगळं बिऱ्हाड येतं. शिवाय ही माध्यमं एकमेकांशी भांडतात. रविवर्मांची स्त्री छायाप्रकाशाच्या गोलाईवर उभी आहे. ठशाच्या छपाईत ती गोलाईच नसते.

म्हणून प्रत्येक चित्राला एकच काम द्यायचं. माध्यम हिरोशिगेचं. प्रकाश फोटोतला. साडीचा रंग आणि पदराची ठेवण रविवर्मांची. वारलीतल्या त्रिकोणी आकृती या बाईशी जुळत नाहीत, त्यामुळे ते चित्र बोर्डवरून उतरवायचं. मग नावं गाळून, डोळ्यांना दिसतं ते लिहायचं:

‘लाकडी ठशांची छपाई, सपाट रंग, काळी बाह्यरेषा. एसटी स्थानकात उभी बाई, गडद लाल साडी, सोनेरी काठ, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला. पाऊस बारीक तिरक्या रेघांचा. ओल्या जमिनीवर दिव्याचं प्रतिबिंब फिकट हिरवट उभ्या पट्ट्यांत.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. फोटोतली चमक जशीच्या तशी मागितली, तर फोटो पुन्हा चित्रात घुसतो. ती पट्ट्यांत सांगितली की छपाईच्या भाषेत बसते.

तरीही गोंधळ दिसला, तर सीड तोच ठेवून एकेक वाक्य काढून पाहावं. ज्या वाक्याविना गोंधळ मिटतो, ते नव्याने लिहावं. मिडजर्नीत शैलीचा नमुना `--sref` ने वेगळा देता येतो. तिथे फक्त हिरोशिगेचं चित्र लावावं. बाईच्या अंगावर साडीऐवजी किमोनो दिसू लागला, तर `--sw` हा आकडा नेहमीच्या १०० वरून ५० च्या आसपास आणून पाहावा. फार खाली नेला, तर पावसाच्या रेघाही विरू लागतात.