भिंतीची वीणच पूर्ण होऊ द्यायची नाही!

विदर्भातल्या अनेक कुटुंबांना सिकलसेल हा आजार परिचित आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बाळांची त्यासाठी तपासणीही झाली आहे. आजाराचे निदान झालेल्या बाळाला साधारण दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दिवसातून दोनदा पेनिसिलिन देण्याचा सल्ला दिला जातो. बाळ खेळते-हसते आहे, ताप नाही. मग रोज अँटिबायोटिक कशाला, असा प्रश्न आईवडिलांना पडतो.

कारण प्लीहेत आहे. रक्तातले जंतू गाळणारा हा अवयव विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकून लहानपणीच निकामी होऊ लागतो. मग घशात एरवी निमूट राहणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू रक्तात शिरला, तर काही तासांत जीव जाऊ शकतो.

या जिवाणूभोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत असते. ती बाजेसारखी विणलेली असते. दोन प्रकारच्या शर्करा आलटून पालटून जोडलेले लांब धागे आणि त्यांना फुटलेल्या पाच अमिनो आम्लांच्या छोट्या फांद्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला अॅलनिनची जोडी असते. एक विकर (एन्झाइम) ही जोडी पकडते, शेवटचे अॅलनिन तोडते आणि उरलेले टोक शेजारच्या फांदीला बांधते. अशा असंख्य गाठींमुळे भिंत आतला प्रचंड दाब पेलते.

पेनिसिलिनचा आकार नेमका या जोडीसारखा असतो. विकर फसते, पेनिसिलिनला धरते आणि त्यालाच चिकटून बसते. नव्या गाठी थांबतात. मात्र वाढीसाठी जुनी वीण उसवणारी विकरे काम करतच राहतात. भिंत विरते आणि जिवाणू फुटतो. म्हणूनच पेनिसिलिन वाढणाऱ्या जिवाणूंवर सर्वाधिक प्रभावी ठरते.

माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसते. फांदीच्या टोकाचे अॅलनिनही आपल्या प्रथिनांतल्या अॅलनिनचे आरशातले प्रतिबिंब असते. त्यामुळे औषधाचे लक्ष्यच आपल्या शरीरात नाही. अॅलर्जी वगळता ते तान्ह्या बाळालाही वर्षानुवर्षे देता येते, ते यामुळेच.

याचा पुरावा 1986 मध्ये अमेरिकेतील चाचणीतून मिळाला. पेनिसिलिन न मिळालेल्या 110 मुलांपैकी 13 जणांना न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग झाला आणि तिघे दगावले. पेनिसिलिन मिळालेल्या 105 मुलांपैकी फक्त दोघांना संसर्ग झाला आणि मृत्यू एकही नाही. चाचणी मुदतीआधीच थांबवून सर्वांना औषध देण्यात आले.

तरीही जिवाणू स्वस्थ बसत नाही. न्यूमोकॉकस नातेवाईक जिवाणूंकडून जनुकांचे तुकडे घेऊन गाठ मारणाऱ्या विकराचा आकार बदलतो. पेनिसिलिन मग त्यात नीट बसत नाही. म्हणून लसही हवीच. आणि औषध चालू असतानाही अशा मुलाला ताप आला, तर 'उद्या बघू' म्हणून चालत नाही. त्याच दिवशी, तातडीने रुग्णालय गाठावे लागते.