पारदर्शक योकची शिवण लपते कुठे?

अंगाला घट्ट बसणाऱ्या टॉपला वर ताणाच्या नेटचा किंवा लेसचा योक लावला की आतली शिवण बाहेरून दिसते. अनेक जण योक दुहेरी घेऊन शिवणीची माया त्याच्या दोन थरांत कोंबतात. पण नेट पारदर्शक, त्यामुळे तिथे गडद पट्टी उमटतेच. माया खाली, अपारदर्शक कापडाकडे न्यायची.

त्यासाठी टॉपचे कापड आणि ताणाचेच अस्तर सुलट बाजू समोरासमोर ठेवायचे, योकची खालची कड मध्ये सरकवायची आणि तिन्ही थर एकत्र शिवायचे. मग कापड व अस्तर खाली उलटवले की माया दोघांच्या पोटात जाते. बॉलपॉइंट सुई आणि अरुंद झिगझॅग टाका घ्यावा. सरळ टाका अंगावर ताण येताच तुटतो. नेट मशीनच्या भोकात ओढले जात असेल तर खाली पातळ कागद ठेवून शिवावे आणि नंतर फाडून काढावा.

गळ्याची कड हे खरे दुखणे. गळा 60 सेंटिमीटर असेल तर त्याच नेटची साधारण 54 सेंटिमीटर लांब पट्टी ताणाच्या दिशेने कापावी. जोडाची माया वेगळी. गळा आणि पट्टी दोन्हींवर चार समान खुणा करून जुळवाव्यात आणि शिवताना फक्त पट्टी ताणावी. तयार गळा टेबलावर पसरला की कड लहरली, तर पट्टी लांब झाली किंवा नेटही ओढले गेले. चुण्या पडल्या, तर पट्टी आखूड. खांद्याला मात्र ताण नकोच: तिथे शिवणीत न ताणणाऱ्या नेटची अरुंद पट्टी घालावी.