आमचा माणूस निघतोय, हे ग्राहकाला कसं सांगाल?

सॉफ्टवेअर कंपनीत एखाद्या टेक लीडने राजीनामा दिला की व्यवस्थापकाला दोन प्रश्न पडतात: ग्राहकाला आत्ताच सांगायचं का, आणि सांगायचं तर काय? पुष्कळ जण बदली माणूस कामात रुळेपर्यंत गप्प बसतात. मग जाणारा स्वतःच लिंक्डइनवर निरोप लिहितो, ग्राहक तो वाचतो आणि थेट मालकाला फोन लावतो. त्यानंतर योजना कितीही चांगली असो, ती सारवासारवच वाटते.

उदाहरणादाखल पुण्याची एक छोटी कंपनी धरू. ती एका दूध संघाचं बिलिंग सांभाळते. शेतकऱ्यांचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. फॅट आणि एसएनएफनुसार दर लागतो, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हा पाया. हे सगळं ज्याने बांधलं, त्या टेक लीडने २ मार्चला राजीनामा दिला. नोटीस पिरियड ६० दिवसांचा, म्हणजे शेवटचा दिवस ३० एप्रिल.

राजीनामा आला त्याच संध्याकाळी कळवणं घाईचं होईल, कारण ‘मग पुढे कोण?’ याला उत्तर नसतं. आधी करार काढून वाचायचा. त्यात महत्त्वाच्या माणसांची नावं दिलेली असली, तर ती बदलण्यासाठी लेखी सूचना किंवा ग्राहकाची संमती लागू शकते. मग बदली माणूस ठरवायचा आणि जाणाऱ्याशी बोलून बातमीची तारीख पक्की करायची. या कामांना तीन-चार दिवस पुरतात. त्याहून जास्त थांबलात, तर ते दिवस हस्तांतरातूनच वजा होतात.

६ मार्चला पहिला फोन संघाच्या कार्यकारी संचालकांना. पत्र त्याच दिवशी, पण फोननंतर. पत्र असं असावं:

“नमस्कार साहेब, सकाळी बोलल्याप्रमाणे आपल्या बिलिंगचे टेक लीड ३० एप्रिलला कंपनी सोडत आहेत. त्यांच्या जागी गेलं वर्षभर याच टीममध्ये असलेली आमची इंजिनिअर काम पाहील. २१ मार्चपासूनची चार बिलं दोघं मिळून हाताळतील. या काळातल्या दुसऱ्या माणसाचा खर्च आमच्याकडे. एप्रिलमध्ये नवीन रिपोर्टचं काम दोन आठवडे पुढे जाईल. बदली आपल्याला मान्य नसेल, तर १२ मार्चपर्यंत कळवावं.”

राजीनाम्याचं कारण यात नाही. ते सांगायचं की नाही, हे जाणाऱ्याने ठरवायचं. ‘कामावर काहीही परिणाम होणार नाही’ हे वाक्यही नाही. परिणाम होणार हे ग्राहकाला कळतंच. कशावर आणि किती, एवढंच त्याला हवं असतं.

आता हस्तांतर, म्हणजे ऑफिसच्या भाषेत केटी. इथे नेहमीची चूक म्हणजे आठवडाभर मीटिंगा, शेवटी एक जाडजूड डॉक्युमेंट आणि ‘केटी झाली’ अशी नोंद. कामातली खरी मेख त्या डॉक्युमेंटमध्ये येत नाही. समजा, एका संकलन केंद्राची सकाळची फाइल वारंवार दुपारनंतर येते आणि टेक लीड ती हाताने पुन्हा चालवतो. त्याच्या हाताला ते इतकं सवयीचं झालेलं असतं की लिहिण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटतच नाही. हे सापडतं ते शेजारी बसून खरं बिल काढतानाच.

म्हणून योजना तारखांपेक्षा बिलांवर बेतावी. २१ मार्चचं बिल टेक लीड काढेल, नवी इंजिनिअर पाहत बसेल आणि दिसेल ते लिहून घेईल. १ एप्रिलचं ती काढेल, तो शेजारी असेल. ११ एप्रिलचं ती एकटी काढेल, अडलं तरच फोन. २१ एप्रिलच्या बिलाला फोनही नाही. तो ऑफिसात असेल, पण हात लावणार नाही. त्या दिवशी संघाचा लेखापाल मोजक्या केंद्रांचे आकडे स्वतः पडताळेल. सगळ्या शेतकऱ्यांची बिलं वेळेत निघाली आणि पडताळलेले आकडे रुपयापर्यंत जुळले, की हस्तांतर झालं.

३० एप्रिलला एक काम उरतं: सर्व्हरचे पासवर्ड बदलणं आणि त्याची सगळी लॉगिन बंद करणं. ओटीपी त्याच्या खासगी मोबाइलवर जात असेल, तर तो नंबर आधीच बदलून घ्यायचा. हे राहिलं, तर १ मेच्या बिलाला लॉगिनच होणार नाही आणि ज्याने नोकरी सोडली, त्यालाच ओटीपी विचारावा लागेल.

या योजनेत एक कच्चा दुवा आहे. नवी कंपनी नोटीसचे पैसे भरून माणसाला लवकर बोलावू शकते, किंवा तो शिल्लक रजा टाकू शकतो. त्यामुळे जाणाऱ्याचे प्रत्यक्ष हजेरीचे दिवस आधी लेखी घ्यावेत आणि ग्राहकाला तेच सांगावेत. ते कमी पडले, तर पहिलं पाहण्याचं बिल गाळावं. नव्या माणसाने एकट्याने काढायचं बिल मात्र गाळू नये. ते जुळलं नाही, तर जाणाऱ्याला अजून थोडे दिवस थांबवता येतं का, हे विचारायला एप्रिलचे नऊ दिवस हातात असतात.