रोख्यांच्या वाटेवर – हप्ता ९ : तारीख ठरलेला फंड

जून २०२२ मधली एक संध्याकाळ. शेजारचे काका हातात छापील स्टेटमेंट घेऊन आले आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "तूच म्हणाला होतास ना, यात व्याजदराची धास्ती नाही म्हणून? मग हे काय आहे?" नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी एप्रिल २०२७ ला संपणाऱ्या टार्गेट मॅच्युरिटी फंडात एक लाख घातले होते. सात महिन्यांनी स्टेटमेंटवर सत्त्याण्णव हजार आणि वर काहीशे दिसत होते. म्हणजे लाखाला व्याज नाहीच, उलट मुद्दलातच घट.

मी खोटं सांगितलं नव्हतं, पण अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं या हप्त्यात.

हा फंड एखाद्या निर्देशांकाप्रमाणे रोखे घेतो. सरकारी रोखे, राज्यांची कर्जं किंवा सार्वजनिक कंपन्यांचे 'एएए' दर्जाचे बॉण्ड, आणि तेही ठरलेल्या तारखेच्या जवळपास मुदत संपणारे. डिसेंबर २०१९ मध्ये भारत बॉण्ड ईटीएफ आला, त्यात एप्रिल २०२३ आणि एप्रिल २०३० अशा दोन तारखा होत्या, आणि आपल्याकडे हा प्रकार लोकांच्या तोंडी बसला. तारीख आली की रोख्यांचे पैसे परत येतात, फंड गुंडाळला जातो आणि रक्कम आपल्या खात्यात जमा होते.

साध्या डेट फंडाला अशी तारीख नसते. रोखा जुना झाला की फंड मॅनेजर तो विकून नवा लांब मुदतीचा घेतो, त्यामुळे फंडाची सरासरी मुदत साधारण तेवढीच राहते. तुम्ही पाच वर्षं थांबलात तरी व्याजदराच्या झोक्यावरून उतरत नाही. तारीख ठरलेल्या फंडात मात्र दर वर्षी मुदत एक वर्षाने आखडते. सात टक्क्यांच्या बॉण्डची पाच वर्षं उरली असतील आणि बाजारातला दर एक टक्क्याने चढला, तर किंमत सुमारे चार टक्क्यांनी पडते. दोन वर्षं उरली असतील तर दोन टक्क्यांहूनही कमी. शेवटच्या वर्षी जेमतेम एक टक्का.

काकांच्या बाबतीत काय झालं? ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४ वरून ४.४ टक्क्यांवर नेला, आणि जूनमध्ये तो ४.९ झाला. रोख्यांचा बाजार त्याच्याही आधीपासून चढ्या दराची तयारी करत होता. नवे रोखे जास्त व्याज देऊ लागले की जुन्यांचा भाव उतरतो. फंडाला रोजचा भाव धरून एनएव्ही जाहीर करावी लागते, म्हणून ती घट काकांच्या कागदावर उमटली. बँकेतल्या ठेवीलाही असा भाव लावता आला असता. बँक तो रोज छापत नाही, एवढंच.

मी त्याच स्टेटमेंटच्या मागच्या बाजूला आकडे मांडून दाखवले. हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून सात टक्के दराचा, पाच वर्षांचा एकच बॉण्ड धरला, व्याज वर्षातून एकदा. दर जागचे हलले नाहीत तर लाखाचे पाच वर्षांनी १,४०,२५५ होतात. आता पहिल्या वर्षाच्या शेवटी बाजारातला दर आठवर गेला असं धरू. उरलेल्या चार वर्षांच्या बॉण्डची किंमत ९६,६८८ होते. त्यात आलेलं ७,००० व्याज मिळवलं की झाले १,०३,६८८. त्या दिवशी विकलं तर वर्षाचा परतावा सातऐवजी जेमतेम पावणेचार टक्के. पण थांबलं तर ही रक्कम पुढची चार वर्षं आठ टक्क्यांनी वाढते, आणि शेवटी १,४१,०६६ मिळतात. म्हणजे दर चढूनही आठशे रुपये जास्तच.

काका आकड्याकडे बघत राहिले. "मग तोट्याचं झालं काय?"

तोटा भरून निघाला, कारण बॉण्ड शेवटी पूर्ण लाख देतोच. आठशे रुपये आले ते दर वर्षीचं सात हजार व्याज आता आठ टक्क्यांनी गुंतलं म्हणून. हेच उलटं करून पाहा. दर सहावर आला, तर वर्षाअखेरीस स्टेटमेंट १,१०,४६५ दाखवेल आणि माणूस खूश होईल. पण व्याजाची रक्कम आता सहा टक्क्यांनी गुंतणार, त्यामुळे शेवटी हाती १,३९,४६० येतील. पाच वर्षांचा वार्षिक परतावा एकीकडे ७.१२, दुसरीकडे ६.८८. म्हणून धोका जातो म्हणणं चूक, तो आक्रसतो. मुदत लांब असेल, बारा-पंधरा वर्षांची, तर व्याजावरच्या व्याजाचा हा फरक बराच रुंद होतो.

माझं आधीचं बोलणं अपुरं होतं ते इथे. "शेवटपर्यंत थांबा" यातला "शेवटपर्यंत" हा शब्द सगळा भार उचलतो. नातीच्या प्रवेशाचे पैसे जून २०२६ ला लागणार असतील आणि फंड २०२७ चा असेल, तर ते वर्ष तुम्ही पुन्हा बाजाराच्या हवाली आहात. तारीख गरजेच्या किंचित आधीची असावी, नंतरची नसावी.

दुसरी गल्लत फंडाच्या नावामागच्या आकड्याची. एखादा म्हणतो, हा फंड साडेसात टक्क्यांनी सुरू झाला होता. झाला असेल, तुम्हाला तो दर मिळणार नाही. तुमचा दर तुम्ही युनिट घेतलेल्या दिवशीच्या यील्ड टू मॅच्युरिटीचा. ती मासिक फॅक्टशीटमध्ये असते. त्यातून फंडाचा खर्च वजा करा, आणि निर्देशांकापेक्षा फंड थोडा मागे राहतो तेही धरा. दर सात असेल तर हाती साधारण पावणेसात येतील असं मनाशी ठेवलं की नंतर त्रास होत नाही.

एप्रिल २०३० चा फंड म्हणून सगळे रोखे नेमके त्याच महिन्यात संपतात असंही नाही. काही आधी संपतात, मग ते पैसे शेवटचे काही महिने ट्रेझरी बिलासारख्या अल्पमुदतीच्या जागी पडून राहतात, त्या वेळी जो दर असेल त्याने. शिवाय कंपन्यांच्या बॉण्डपैकी एखाद्याचा दर्जा घसरला तर निर्देशांकाच्या नियमाने तो विकावा लागू शकतो, आणि तिथे मुदतीपर्यंत थांबण्याचा प्रश्नच उरत नाही. सरकारी रोख्यांच्या फंडात ही काळजी नाही. ईटीएफ घेतला असेल तर आणखी एक अडचण: शेअर बाजारात त्या दिवशी गिऱ्हाईक कमी असेल तर एनएव्हीपेक्षा कमी भावाने विकावं लागतं. डीमॅट नको असेल तर इंडेक्स फंड बरा.

कराचा मुद्दा काकांना पुढे सर्वांत झोंबला. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा युनिटांवरचा नफा तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे करपात्र होतो, कितीही वर्षं धरले तरी. काकांची युनिट त्याआधीची, त्यांनी इंडेक्सेशन हिशेबात धरलं होतं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने तेही गेलं आणि १२.५ टक्के सरळ कर आला. तरीही एक फायदा उरतो. ठेवीवरचं व्याज दर वर्षी करपात्र ठरतं, इथे कर विकताना एकदाच.

पुन्हा जून २०२२ च्या त्या संध्याकाळकडे येतो. काकांचा शेवटचा प्रश्न होता, "हे मोडून बँकेत एफडी केली तर?" त्यांच्या फंडाची यील्ड तेव्हा सातच्या वर गेली होती आणि मोठ्या बँका पाच वर्षांच्या ठेवीला त्याहून कमी देत होत्या. म्हणजे चढलेला दर सोडून उतरलेला दर घ्यायचा, वर घसरलेल्या भावाने विकायचं. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि चहा मागितला. ते पैसे अजून तिथेच आहेत.

पुढच्या हप्त्यात : गिल्ट फंड, जिथे तारीखच नसते.