मला पोहता येतं, पण उद्या जमणार नाही

‘मी पोहत येतो’ आणि ‘मला पोहता येतं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात कुणीतरी खरोखर पाण्यातून हात मारत काठाकडे निघाला आहे. दुसऱ्यात कुणी जागचं हललेलं नाही. बोलणारा घरात खुर्चीवर बसलेला असला तरी वाक्य खरंच आहे. क्रियापदं तीच, ‘पोहणे’ आणि ‘येणे’. बदललं ते एवढंच, की ‘मी’चा ‘मला’ झाला, ‘पोहत’चं ‘पोहता’ झालं आणि ‘येतो’चं ‘येतं’. या तीन बारीक बदलांतून अख्खी क्षमता उभी राहिली. ‘समर्थ’, ‘शक्य’ किंवा ‘पात्र’ असा एकही शब्द लागला नाही.

यातला सगळ्यात महत्त्वाचा बदल ‘मला’ हा आहे. येणारा आता मी नाही. येते ती विद्या, आणि ती माझ्याकडे येते. म्हणून तर ‘मला कानडी येते’, ‘तिला स्वयंपाक येतो’, ‘त्याला गणित येत नाही’ ही वाक्यंही याच घरातली आहेत. तिथे नुसतं नाम पुरतं. ‘पोहता येतं’मध्ये नामाच्या जागी क्रिया बसते. माणूस वाक्याचा कर्ता उरत नाही, याचा पुरावा क्रियापदाच्या रूपातच आहे. बाई बोलो की पुरुष, दोघंही ‘मला तबला वाजवता येतो’ असंच म्हणतील, कारण ‘येतो’ हे रूप तबल्याशी जुळतं. तबल्याच्या जागी बासरी आली की ‘वाजवता येते’, गाणी आली की ‘म्हणता येतात’. जुळायला काहीच नसलं, जसं पोहण्यात नाही, की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन थांबतं: ‘येतं’.

आता ‘मला’ काढून टाका. ‘या पुलावरून जाता येत नाही.’ इथे कुणाच्या अंगातल्या गुणाबद्दल बोलणं नाही. पूल खचला असेल, किंवा पोलिसांनी बंद केला असेल. अडचण माणसातून निघून जागेत गेली. ‘मला’ परत आणून काळ बदलला, तर ती आणखी तिसरीकडे जाते. ‘मला पोहता येत नाही’ म्हणजे मी शिकलेलो नाही. ‘मला उद्या पोहता येणार नाही’ म्हणजे पोहणं येतं, पण उद्या ताप असेल, पाहुणे असतील, तलाव बंद असेल. ‘मला इथे पोहता येईल का?’ म्हटलं की ती परवानगीची विचारणा होते. ऐकणारा कधीच गोंधळत नाही. रोजचा वर्तमानकाळ असला तर तो कौशल्य समजतो, भविष्यकाळ असला तर परिस्थिती, ‘इथे’ आणि प्रश्न असला तर मुभा. शब्द एकच आणि अर्थ तीन, आणि ते तीन अर्थ आजूबाजूच्या शब्दांनी वाटून घेतलेले असतात.

हा पसारा मराठीत किती मोठा आहे, ते हिंदीशेजारी ठेवल्यावर कळतं. ‘मुझे तैरना आता है’ हे आपल्या ‘पोहता येतं’चं सख्खं भावंड आहे, पण ते फक्त शिकलेल्या गोष्टीपुरतं चालतं. ‘मला उद्या येता येणार नाही’ हे हिंदीत ‘आना’ वापरून सांगता येत नाही. तिथे ‘सकना’ला बोलवावं लागतं. मराठीने मात्र ‘येणे’ हे क्रियापद ‘येणे’लाच जोडलं आहे, आणि ‘येता येणार नाही’ म्हणताना आपल्या कानाला ते खटकतही नाही.

भूतकाळात गेलं की आणखी एक गोष्ट घडते, आणि मला ती या रचनेतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. ‘गाडी सुटायच्या आत मला स्टेशनवर पोहोचता आलं.’ या वाक्यानंतर ‘पण मी पोहोचलो नाही’ असं जोडून पाहा. वाक्य मोडतं. ‘आलं’ म्हटलं की क्षमता नुसती उरत नाही, ती घडून गेलेली असते. याउलट ‘मला तेव्हा छान पोहता यायचं’ म्हटलं तर मी एखाद्या विशिष्ट दिवशी पाण्यात उतरलोच, असं त्यातून निघत नाही. ‘पोहोचता आलं असतं’ म्हटलं, तर मी पोहोचलो नाही हे न सांगताच कळतं. घडलं, घडलं नाही, की नुसतं हातात होतं, हे सगळं ‘आलं’, ‘आलं असतं’ आणि ‘यायचं’ या रूपांवर ठरतं.

‘जमणे’ हे वेगळ्या वळणाचं क्रियापद आहे. गर्दी जमते, पैसे जमतात, लग्न जमतं, दोघांचं एकमेकांशी जमतं. सुट्या गोष्टी एकत्र येणं, नीट लागणं, हा त्याचा मूळ भाव, आणि क्षमतेच्या अर्थातही तो सुटत नाही. म्हणून ‘मला पुरणपोळी करता येते, पण आज जमली नाही’ हे वाक्य विरोधाभासाचं नाही. कृती ठाऊक आहे, हात बसलेला आहे. पण आज पुरण सैल राहिलं असेल किंवा कणीक नीट मळली गेली नसेल. ‘येणे’ हे शिकण्याच्या बाजूने बोलतं, ‘जमणे’ हे साधण्याच्या बाजूने.

हा फरक स्वभावापर्यंत पोहोचतो. ‘मला खोटं बोलता येत नाही’ म्हणणारा एक तर त्या कलेत कच्चा आहे, किंवा कशाने तरी बांधला गेला आहे. ‘मला खोटं बोलणं जमत नाही’ म्हणणाऱ्याच्या प्रकृतीलाच ते मानवत नाही. आणि फोनवर ‘यायला जमणार नाही’ म्हटलं की त्यात वेळ, प्रवास, घरची माणसं, मनाची तयारी असं सगळं येतं. यातली नेमकी कोणती गोष्ट जुळली नाही, हे सांगावं लागत नाही आणि समोरचाही खोदून विचारत नाही. नकार माणसाच्या इच्छेवर न ठेवता जुळणीवर ठेवला जातो, म्हणूनच तो सौम्य वाटतो.

‘शकणे’ मराठीत आहेच, आणि त्याला परकं समजायचं कारण नाही. पण ते माणसाला पुन्हा कर्तेपणाच्या जागी बसवतं: ‘मी येऊ शकतो’. अर्जात ‘मी उपस्थित राहू शकणार नाही’ हे शोभतं, कारण तिथे जबाबदारी घेणारं माणूस हवं असतं. सगळीकडे तेच वापरत गेलं, तर मात्र शिकलेलं, जुळलेलं आणि मुभा असलेलं यांतला फरक पुसला जातो. बातम्यांच्या आणि जाहिरातींच्या मराठीत तसं होताना मला दिसतं.

या तिघांपलीकडे शाळेच्या व्याकरणातलं ‘शक्य क्रियापद’ आहे, आणि त्याची गरज शरीराचा प्रश्न आला की कळते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या आजीला ‘आता चालता येतं का?’ विचारलं, तर पाऊल टाकणं शक्य आहे का, हे विचारलं. ‘काठी घेऊन चालायला जमतं का?’ म्हटलं, तर काठीचा आणि पावलांचा मेळ बसला का, हे विचारलं. आणि ‘आजी, चालवतं का?’ म्हटलं, तर दुखणं सोसून, अंगातलं बळ एकवटून ते होतं का, हे विचारलं. ‘आजी गाडी चालवते’मधलं ‘चालवते’ दिसायला जवळजवळ तसंच आहे. तिथे मात्र आजी कर्त्याच्या जागी बसलेली आहे. ‘आजीला चालवतं’मध्ये ‘ला’ आला आणि पुन्हा तीच गोष्ट झाली: चालणं आजीकडे आलं. नकारात हे रूप आणखी ठसठशीत होतं. ‘बघता येत नाही’ म्हणजे समोर आडोसा आहे; ‘बघवत नाही’ म्हणजे सगळं स्पष्ट दिसतं आहे, पण मन ते सोसत नाही.