शून्य फरक म्हणजे ताळमेळ नव्हे

लेखापरीक्षणात वर्षभराच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्रांतील उलाढाल खातेवहीतल्या विक्रीशी जुळली की काम झाले, असे मानणे धोक्याचे आहे. समजा, एका सेवा व्यवसायाच्या पुस्तकात २ कोटींचे उत्पन्न आहे आणि विवरणपत्रांतही नेमके तेवढेच. तरी आत तीन फरक दडलेले असू शकतात. मार्चमध्ये पूर्ण झालेल्या १४ लाखांच्या कामाचे बिल एप्रिलमध्ये निघाले. ते उत्पन्न पुस्तकात आहे, विवरणपत्रात नाही. उलट, सेवेपोटी घेतलेल्या १० लाखांच्या आगाऊ रकमेवर कर भरला, पण पुस्तकात ती अजून देणे म्हणूनच उभी आहे. शिवाय ४ लाखांना विकलेले जुने यंत्र करपात्र असले, तरी विक्रीखात्यात येत नाही. १४ वजा, १४ अधिक, बेरीज जुळली.

परिणाम शून्य असेल तर खोदायचे कशाला, असा आक्षेप येतो. पण इथे प्रश्न तारखेचा आहे. सेवा पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत बिल निघाले नसेल, तर सर्वसाधारण व्यवसायात करदायित्व सेवेच्या तारखेलाच, म्हणजे मार्चमध्येच येते आणि उशिरा भरलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. आगाऊ रकमेचे समायोजन पुढच्या बिलात राहिले, तर त्याच रकमेवर दुसऱ्यांदा कर भरला जातो. हे फरक शोधण्यासाठी प्रत्येक बिल तपासावे लागत नाही. आगाऊ रकमांचे खाते, स्थिर मालमत्तेचे खाते आणि एप्रिलची बिले आधी मागवा.